स्वभावाने चांगली आहे

"माणूस चांगला आहे" असं म्हणून कोणी क्षणभर थांबलं, की ऐकणारा आपोआप पुढच्या 'पण'ची वाट बघतो. लग्नाच्या स्थळाची चौकशी असो, भाडेकरूची असो किंवा गावाकडच्या नव्या सरपंचाची. "स्वभावाने चांगला आहे हो" एवढंच उत्तर आलं तर आपण समजतो की बाकीचं यांना सांगायचं नाही, किंवा सांगण्यासारखं काही नाही.

ऑफिसच्या इंग्रजीत हेच काम 'नाइस' हा शब्द करतो. फरक इतकाच, की तोंडी बोलताना समोरचा आपला चेहरा बघत असतो आणि "पण काय?" असं विचारू शकतो. वर्षाच्या परफॉर्मन्स रिव्ह्यूमध्ये लिहिलेल्या 'नाइस'ला असं विचारायला कोणी नसतं. तो शब्द एकटाच एका बैठकीत जातो, आणि तिथे त्याचा अर्थ दुसरेच लोक ठरवतात.

मी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. आमच्याकडे मार्च संपत आला की सहकाऱ्यांबद्दल लिहायचे फॉर्म येतात. पाच-सहा जणांबद्दल लिहायचं असतं. प्रत्येक फॉर्ममध्ये तीन चौकटी असतात: या व्यक्तीने काय चांगलं केलं, काय सुधारावं, आणखी काही सांगायचं आहे का. बहुतेक जण ते फॉर्म शेवटच्या दिवशी, दोन मीटिंगांच्या मधल्या पंधरा मिनिटांत भरतात. मग एका माणसाचा मजकूर दुसऱ्याला चिकटवला तरी चालेल अशी वाक्यं तयार होतात. 'व्हेरी नाइस पर्सन, ऑलवेज हेल्पफुल, ग्रेट टीम प्लेअर.' लिहिणाऱ्याच्या मनात खोट नसते. उलट ज्याच्याबद्दल खरंच बरं वाटतं, त्याच्याबद्दलच 'नाइस' लिहिलं जातं. म्हणूनच त्याचं नुकसान लक्षात येत नाही.

मी टीम लीड झाले त्या वर्षी पहिल्यांदा कॅलिब्रेशनच्या बैठकीत बसले. सगळ्या टीमचे मॅनेजर एकत्र येऊन कोणाला कोणती श्रेणी द्यायची ते जुळवून घेतात, ती ही बैठक. एका दुपारी चाळीसेक नावं संपवायची होती. म्हणजे एका माणसाच्या वाट्याला कशीबशी पाच मिनिटं. वरच्या श्रेणीच्या जागा ठरलेल्या, आणि त्यांवर दावा करणारी नावं जास्त. एक मॅनेजर म्हणाला, "माझ्या मते ही वरच्या श्रेणीत जायला हवी." दुसऱ्याने विचारलं, "काय केलं तिने या वर्षी?" प्रश्न अगदी साधा होता, त्यात विरोधही नव्हता. पहिल्याने लॅपटॉपवर सहकाऱ्यांचे अभिप्राय उघडले आणि वाचण्यासारखं एखादं वाक्य शोधू लागला. चार जणांनी लिहिलं होतं. चौघांनीही ती नाइस असल्याचं लिहिलं होतं.

खोलीत थोडी शांतता पसरली. मग कोणीतरी म्हणालं, "हो, ती शांत आहे. पण लीड करू शकेल का?" 'पण' आला तो असा. नाइसचं 'शांत' झालं, शांतचं 'पुढाकार न घेणारी' झालं, आणि पुढचं नाव घेतलं गेलं. कोणी तिच्याविरुद्ध एक शब्दही बोललं नाही. तिच्या बाजूने बोलायला मात्र कोणाच्या हातात काही नव्हतं.

चांगला वाटणारा शब्द नुकसान करू शकतो, हे आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं प्रकरण आहे. देव दत्त नावाचे एक अभियंते सीमा रस्त्यांच्या सेवेत होते. त्यांच्या बढतीसाठी मागच्या पाच वर्षांच्या गोपनीय अहवालांत 'व्हेरी गुड' असा शेरा लागत होता. 1993-94 च्या अहवालात त्यांना 'गुड' मिळालं होतं. 'गुड' म्हणजे काही वाईट शेरा नव्हे, म्हणून तो त्यांना कळवलाच गेला नव्हता. वाईट शेराच तेवढा कळवायचा, अशी पद्धत होती. बढती मात्र त्या 'गुड'मुळेच हुकली. 12 मे 2008 रोजी न्यायालयाने निकाल दिला की शेरा कोणताही असो, तो कर्मचाऱ्याला कळवायला हवा, कारण जिथे 'व्हेरी गुड' लागतं तिथे 'गुड'सुद्धा त्याच्या विरोधातच जातं. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवण्याचा नियम केला.

त्या प्रकरणातला 'गुड' निदान एका शिडीची पायरी होता. त्याच्या वर काय आणि खाली काय, हे ठरलेलं होतं. 'नाइस'ला तशी शिडीही नाही. तो किती वर आहे हे वाचणारा ठरवतो.

गंमत म्हणजे 'नाइस' या शब्दाचा स्वतःचा इतिहासच असा घसरणीचा आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'अज्ञानी'. इंग्रजीत तो आला तेव्हा त्याचा अर्थ मूर्ख असा होता. पुढे तो चोखंदळ झाला, मग बारकाईचा, नेमका. 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे सूक्ष्म भेद, हा अर्थ इंग्रजीत अजून टिकून आहे. नंतर तो सगळ्याच आवडलेल्या गोष्टींना लागू लागला. जेन ऑस्टेनच्या 'नॉर्दॅन्गर अ‍ॅबी' या कादंबरीत, म्हणजे 1817 च्या सुमारासच, एक पात्र दुसऱ्याची यावरून थट्टा करतं, की हल्ली हा एकच शब्द पुस्तकाला, हवेला, फेरफटक्याला, सगळ्याला पुरतो. एके काळी 'नेमका' असा अर्थ असलेला शब्द आज सगळ्यांत कमी नेमका झाला आहे.

तर मग त्याच्या जागी काय लिहायचं? इंटरनेटवर समानार्थी शब्दांच्या याद्या भरपूर आहेत: काइंड, प्लेझंट, फ्रेंडली, वंडरफुल. माझ्या मते या याद्यांचा इथे फारसा उपयोग नाही. 'नाइस'च्या जागी 'वंडरफुल' लिहिणं म्हणजे तीच गोष्ट जरा मोठ्या आवाजात सांगणं. बैठकीतला "काय केलं?" हा प्रश्न तसाच उरतो. अडचण शब्द कमजोर असण्याची नाही. त्या एका शब्दाच्या पोत्यात आपण चार वेगवेगळ्या गोष्टी भरतो, ही खरी अडचण आहे. आधी पोतं रिकामं करायला हवं.

मागच्या मार्चमध्ये मला आमच्या टीममधल्या एका टेस्टरबद्दल लिहायचं होतं. तिच्यासाठी ते वर्ष महत्त्वाचं होतं. सलग दोन वर्षं मधली श्रेणी मिळाली होती, आणि सीनिअर होण्यासाठी नाव यंदा पुढे गेलं नाही तर आणखी वर्षभर थांबावं लागणार होतं. तिच्याबद्दल ऑफिसात कोणालाही विचारा, उत्तर एकच: "खूप नाइस आहे." आणि ते खरंही होतं.

मी फॉर्म बाजूला ठेवला आणि मराठीत विचार करायला लागले. हे मी नेहमी करते, आणि त्यामागे भाषेचा अभिमान वगैरे नाही. इंग्रजीत लिहायला बसलं की हाताला ऑफिसची तयार वाक्यं लागतात. मराठीत मात्र माणसांबद्दल बोलण्याची आपल्याला लहानपणापासून सवय असते, त्यामुळे शब्द आपोआप वेगळे होतात. मनमिळाऊ वेगळा, समजूतदार वेगळा. सोशिक आणि संयमी यांतला फरक आजीलासुद्धा पक्का ठाऊक असतो: सोशिक माणूस सहन करतो, संयमी माणूस थांबायचं ठरवतो. भिडस्त माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि सौम्य माणूस नाही म्हणतो, पण समोरच्याला लागत नाही. इंग्रजी फॉर्ममध्ये हे सगळे जण 'नाइस' होऊन बसतात.

मग मी स्वतःला विचारलं, ती यांतली कोण? आणि हे मला कधी दिसलं? दुसरा प्रश्न जास्त कामाचा. 'कधी' विचारलं की विशेषण मागे पडतं आणि प्रसंग पुढे येतो. मला तीन प्रसंग आठवले.

पहिला तिच्या बग कळवण्याच्या पद्धतीचा. आमच्याकडे बग नोंदवला की तो डेव्हलपरकडे जातो, आणि त्याला तो स्वतःच्या मशीनवर दिसला नाही तर "दिसत नाही" असा शेरा मारून परत पाठवतो. मग दोघांत तू-तू मैं-मैं सुरू होते. तिच्या नोंदीत कोणता फोन, कोणती आवृत्ती, कोणत्या क्रमाने कोणती बटणं दाबली, हे सगळं असायचं, सोबत स्क्रीनचा व्हिडिओ. मी ट्रॅकर उघडून मोजलं. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तिने 41 बग नोंदवले होते, त्यांतले दोनच परत आले होते. डेव्हलपर तिला 'नाइस' म्हणायचे त्याचं निम्मं कारण हे होतं. तिच्यामुळे त्यांचा वेळ वाचत होता. हा स्वभावाचा भाग नाही, हे कौशल्य आहे. इथे शब्द हवा 'नेमकी', 'काटेकोर'.

दुसरा प्रसंग नव्या मुलाचा. तो कॉलेजातून थेट आलेला. पहिले तीन आठवडे ती रोज सकाळी अर्धा तास त्याच्याजवळ बसायची. हे तिचं ठरलेलं काम नव्हतं. ती त्याला उत्तर सांगायची नाही, "आता काय बघशील?" असं विचारायची. चौथ्या आठवड्यात त्याने एका मॉड्यूलची चाचणी एकट्याने पूर्ण केली. इथे 'हेल्पफुल' लिहिणं सोपं होतं. पण हेल्पफुल तर चार्जर देणाराही असतो. तिने केलं ते शिकवणं होतं, आणि सीनिअरच्या पदाच्या वर्णनात 'नव्या लोकांना तयार करणं' हे शब्दशः लिहिलेलं होतं. ती करत असलेल्या कामाला पदाच्या वर्णनातलाच शब्द लावणं, ही फॉर्म भरणाऱ्याच्या हातातली सगळ्यांत उपयोगी गोष्ट आहे.

तिसरा प्रसंग आठवायला वेळ लागला, कारण तो 'नाइस'च्या पोत्यात नव्हताच. दिवाळीच्या आधीच्या रिलीजला पैसे भरण्याच्या स्क्रीनवर घोळ सापडला. क्लायंट कॉलवर चिडला होता आणि त्याला आज रात्रीच सगळं हवं होतं. आमच्यातले दोघे "हो, करू" म्हणायच्या तयारीत होते. तिने शांतपणे सांगितलं, की दुरुस्ती आज होईल, पण परताव्याचे सगळे प्रकार तपासायला दोन दिवस लागतील, आणि न तपासता सोडलं तर लोकांचे पैसे दोनदा कापले जाऊ शकतात. क्लायंट दोन दिवस थांबला. त्या तपासणीत परताव्याचा आणखी एक दोष सापडला.

हा प्रसंग वाचून कोणी तिला 'नाइस' म्हणणार नाही. पण बैठकीत "लीड करू शकेल का?" असं विचारलं जातं, त्याचं उत्तर याच प्रसंगात आहे. गोड शब्दाचा सगळ्यांत मोठा तोटा मला इथे दिसला. तो माणसाचा ठामपणा झाकून टाकतो. एकदा 'नाइस' लिहिलं, की तिने नाही म्हटलं होतं हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही.

शेवटी मी पहिल्या चौकटीत जे लिहिलं, ते मराठीत सांगायचं तर साधारण असं होतं: "ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये नोंदवलेल्या 41 बगांपैकी फक्त दोन परत आले. तिच्या नोंदी वाचून डेव्हलपर थेट दुरुस्तीला लागू शकतो. नव्या टेस्टरला तिने तीन आठवडे शिकवलं, चौथ्या आठवड्यात तो स्वतंत्र काम करू लागला. दिवाळीच्या रिलीजला क्लायंटचा दबाव असताना तिने कारण देऊन दोन दिवस मागून घेतले, आणि त्यात पैशांशी संबंधित आणखी एक दोष सापडला." एकही कौतुकाचा शब्द नाही. विशेषण लिहायला मला बंदी नव्हती, पण त्याची गरजच उरली नाही.

प्रसंग, त्यात त्या व्यक्तीने काय केलं आणि त्याचा काय परिणाम झाला, हा क्रम माझा नाही. सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या अमेरिकी संस्थेने तो बऱ्याच वर्षांपूर्वी रूढ केला आणि अनेक कंपन्यांच्या प्रशिक्षणांत तो शिकवतात. शिकवताना एक गोष्ट निसटते: तिसरा भाग, परिणाम, आपण अनेकदा फुगवतो. "तिच्यामुळे प्रोजेक्ट वाचला" असं लिहिलं की बैठकीतला दुसरा मॅनेजर भुवया उंचावतो आणि मग खऱ्या वाक्यांवरचाही त्याचा विश्वास जातो. मला जेवढं दिसलं तेवढंच मी लिहिते. दोष सापडला, एवढंच मला माहीत होतं. त्यामुळे किती पैसे वाचले ते मला माहीत नव्हतं, म्हणून तो आकडा लिहिला नाही.

मग दुसरी चौकट, सुधारणेची. 'नाइस' इथेही येतो, 'टू नाइस' असा वेष घेऊन. हा शब्द आणखी वाईट, कारण तो वाचून त्या माणसाने काय करायचं? कमी नाइस व्हायचं? तिची एक अडचण खरी होती. शंका आली की ती पूर्ण खात्री होईपर्यंत स्वतःजवळ ठेवायची, आणि कधीकधी त्यात एक दिवस जायचा. मी तेवढंच लिहिलं: "शंका आल्याबरोबर, माहिती अर्धवट असली तरी, चॅनलवर एक ओळ टाकली तर डेव्हलपरला आधी सुरुवात करता येईल." ही सुधारणा उद्या सकाळी करता येते. स्वभाव बदलावा लागत नाही.

याला एक जास्त अवघड बाजू आहे. 2014 मध्ये कीरन स्नायडर या भाषाअभ्यासकाने वेगवेगळ्या कंपन्यांतले 248 रिव्ह्यू वाचले. 'अ‍ॅब्रेसिव्ह', म्हणजे आपण 'खरखरीत' किंवा 'फटकळ' म्हणू तसा शब्द, बायकांच्या रिव्ह्यूंत पुन्हा पुन्हा आला होता, पुरुषांच्या एकाही रिव्ह्यूत नव्हता. 'नाइस' मला त्याच नाण्याची दुसरी बाजू वाटतो. बाई ठाम असली तर फटकळ, सौम्य असली तर नाइस, आणि दोन्हीकडे तिचं काम बाजूला राहतं. म्हणून पाठवण्याआधी मी एक साधी चाचणी करते. त्या मजकुरात तिच्या नावाच्या जागी टीममधल्या एखाद्या मुलाचं नाव घालून वाचते. "नेहमी हसतमुख, सगळ्यांची काळजी घेते" हे वाक्य मुलाच्या नावाने वाचलं की विचित्र वाटतं. "कारण देऊन दोन दिवस मागून घेतले" हे दोघांनाही तितकंच शोभतं. नाव बदलल्यावर जे वाक्य अवघडतं, ते मी काढते.

दुसरी चाचणी याच्या उलट. नाव बदलून टीममधल्या कोणाच्याही बाबतीत वाक्य खरं ठरत असेल, तर ते वाक्य कोणाबद्दलच काही सांगत नाही. 'ग्रेट टीम प्लेअर' तिथेच गळतो.

आणि एखाद्याबद्दल काही आठवतच नसेल तर? असंही होतं. वर्षभरात ज्याच्याशी दोनदा बोलणं झालं, त्याचाही फॉर्म येतो. तेव्हा मी लिहिते, "आमचं काम फक्त अमुक दोन आठवडे एकत्र झालं, तेवढ्यापुरतं सांगते," आणि तेवढंच सांगते. रिकाम्या जागेत 'नाइस' भरण्यापेक्षा हे बरं. बैठकीतल्या मॅनेजरला निदान कळतं की ही मर्यादा माझ्या ओळखीची आहे, त्या माणसाची नाही.

त्या वर्षी तिला श्रेणी मधलीच मिळाली. जागा ठरलेल्या होत्या आणि दुसऱ्या एका टीमचं नाव पुढे गेलं. चार ओळींनी कंपनीचं गणित बदलत नाही. पण बैठकीत तिच्या मॅनेजरने क्लायंटच्या कॉलचं वाक्य मोठ्याने वाचलं, आणि या वेळी "लीड करू शकेल का?" असं कोणी विचारलं नाही. मे महिन्यापासून त्या क्लायंटचे सगळे कॉल ती घेते. आमच्या टीमला दर वेळी किती दिवस लागतील, ते आता तीच सांगते.